पाचाच्या वीस झालो, आता कोण काय करणार?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं)



आज बचत आणि कर्जावर बोलणार नाही. ज्या गटांचा धंदा वाढून कंपनी झाली आहे किंवा होऊ घातली आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. सुरुवात एका फजितीनं करते.

पेठ तालुक्यातला एक गट नागलीचे पापड करतो. पाच जणी होत्या, आता वीस आहेत. गेल्या दिवाळीत नाशिकच्या एका दुकानाची 300 पाकिटांची ऑर्डर होती. पाकिटं भरली, टेम्पोत गेली आणि दुसऱ्या दिवशी सगळी परत आली. लेबलवर तारीखच नव्हती. मी विचारलं, शिक्का कोणी मारायचा होता? एक मावशी म्हणाल्या, "मला वाटलं सुनबाईनं मारला." सुनबाई म्हणाली, "मला वाटलं मावशींनी मारला." दोघीही खरं बोलत होत्या. चूक माझीही होती. त्यांचं काम वाढताना मी रोज बघत होते, पण कोणतं काम कोणाचं हे लिहून घ्या, असं कधी म्हटलं नव्हतं.

पाच जणी असताना हे का घडत नव्हतं? पाच जणींमध्ये दोघी-दोघींच्या जोड्या होतात 10. एका चुलीभोवती बसलं की सगळीला सगळं कळतं. वीस जणींच्या जोड्या होतात 190. एवढ्या जणींनी एकमेकींशी बोलून काम चालवायचं म्हटलं, तर बोलण्यातच दिवस जाईल. म्हणून कोणी कोणाला विचारायचं याची वाट आखावी लागते. त्या आखणीलाच कंपनीवाले संघटन तक्ता म्हणतात.

मुंबईच्या लिज्जत पापडचंच बघा. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या, 80 रुपये उसने घेऊन. तीन महिन्यांत त्या जवळपास पंचवीस झाल्या. पुढे गच्ची पुरेना, तेव्हा त्यांनी कामाचे तुकडे केले. पीठ केंद्रात मळायचं, बायकांनी ते घरी नेऊन लाटायचं, वाळलेले पापड परत आणायचे, मग वजन आणि पॅकिंग. सगळ्या जणी मालक राहिल्या, पण सगळ्या जणी सगळं काम करत राहिल्या नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात ठेवा.

इथंच आपल्या गटांची पहिली चूक होते. बचत गटाचे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष तसेच उचलून कारखान्यात आणतात. पण ती पदं बैठकीची आणि बचतीची आहेत. पीठ कोणी मळायचं, हे त्यात कुठं लिहिलंय? उत्पादक कंपनीच्या कायद्यातही मालकी आणि रोजचं काम वेगळं ठेवलं आहे. संचालक मंडळात कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त पंधरा जणी असतात. रोजचा कारभार बघायला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमावा लागतो, आणि तो सभासदांच्या बाहेरचा असावा लागतो. मंडळ धोरण ठरवतं, कार्यकारी ते राबवतो.

पेठच्या गटानं आम्ही सगळ्यांनी बसून तक्ता कसा केला, ते सांगते. आठ दिवस प्रत्येकीनं आपण दिवसभरात केलेली कामं चिठ्ठ्यांवर लिहिली. लिहिता येत नव्हतं तिथं मुलींनी लिहून दिलं. मग सगळ्या चिठ्ठ्या सतरंजीवर पसरल्या. काही कामांच्या तीन-तीन चिठ्ठ्या निघाल्या. नागली आणायला दोन वेगळ्या बायका दोन वेगळ्या व्यापाऱ्यांकडे जात होत्या. आणि तारखेच्या शिक्क्याची चिठ्ठी एकही नव्हती. रोग तिथंच दिसला.

सारखी कामं एकत्र लावली तर पाच ढीग झाले. खरेदी आणि साठा, दोघी. मळणं, लाटणं, वाळवणं, दहा जणी. तपासणी आणि पॅकिंग, चौघी. विक्री आणि ऑर्डर, दोघी. हिशोब, एक. या झाल्या एकोणीस आणि विसावी व्यवस्थापक. प्रत्येक ढिगाला एक प्रमुख. म्हणजे व्यवस्थापकाला रोज पाच जणींशीच बोलायचं आणि प्रत्येकीला एकाच जणीचं ऐकायचं.

मांडताना दोन गोष्टी जपल्या. तपासणी लाटणाऱ्यांच्या प्रमुखाखाली ठेवली नाही, कारण आपलाच ओला पापड आपणच कसा परत पाठवणार? आणि खरेदी करणारीच्या हातात पैसे दिले नाहीत. एकीनं माल आणायचा, दुसरीनं वजन करून साठ्यात घ्यायचा, हिशोबवालीनं पैसे द्यायचे. यात कोणावर अविश्वास नाही. उलट उद्या बोट दाखवलं गेलं, तर वहीच तिच्या बाजूनं बोलते.

मग प्रत्येक प्रमुखासाठी अर्ध्या पानावर पाच ओळी लिहिल्या. पॅकिंग प्रमुखाच्या अशा आहेत:

1. माझं काम: पापड तपासून ताब्यात घेणं, वजन करून पाकिटं भरणं, लेबलवर तारीख आणि बॅच नंबर टाकणं.
2. मी स्वतः ठरवते: ओला किंवा तुटका पापड परत पाठवणं, 500 रुपयांपर्यंतची किरकोळ खरेदी.
3. विचारून ठरवते: नवी पाकिटं छापणं, पाकिटाचं वजन बदलणं.
4. मी कोणाला सांगते: व्यवस्थापकाला, रोज संध्याकाळी भरलेल्या पाकिटांचा आकडा.
5. मी नसेन तेव्हा: एक ठरलेलं नाव.

दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. काम दिलं आणि ठरवायचा हक्क दिला नाही, तर ती बाई प्रत्येक वेळी विचारायला येते आणि काम तिथंच अडतं. पाचवी ओळ लग्नसराईत आणि भातलावणीत उपयोगी पडते.

खरी अडचण मात्र कागदावर नव्हती. पॅकिंग प्रमुख झाली तेवीस वर्षांची सून आणि तिच्या टेबलावर बसणार होत्या गटाच्या अध्यक्ष मावशी. मावशी म्हणाल्या, "आता हिचं ऐकू का मी?" सगळ्या गप्प. मग असं ठरलं, की बैठकीत मावशी अध्यक्ष, टेबलावर पॅकिंगवाल्या. काही चुकतंय असं वाटलं, तर लाटणाऱ्या बाईला थेट सांगायचं नाही, व्यवस्थापकाला सांगायचं. पहिला महिना जड गेला. एकदा मावशींनी दिलेला ओला पापडही सुनेनं परत केला, तेव्हा दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी मावशीच म्हणाल्या, "बरोबर केलंस."

सगळ्यांना खूश ठेवायला वीस जणींना वीस पदं देऊ नका. आणि वीसच्या दिशेनं जाताना कायदाही बघा. दहा कामगार झाले की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, वीस झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. या दोन्ही कामांपुढे तक्त्यात कोणाचं तरी नाव हवं.

तक्ता बरोबर जमला का, हे ओळखायची सोपी खूण आहे. चार बायकांना वेगवेगळं विचारा: आज वीज गेली तर पीठ मळायचं थांबवा, असं कोणी सांगायचं? गिऱ्हाइकाचा फोन आला तर तारीख कोणी द्यायची? चौघींनी एकच नाव घेतलं तर तक्ता जमला. दोन नावं आली किंवा "बघू सगळ्या मिळून" असं उत्तर आलं, तर तेवढी जागा परत लिहा. दर तीन महिन्यांनी हे करा, कारण माणसं आणि कामं बदलत राहतात.

पुढच्या बैठकीला येताना आठ दिवसांच्या चिठ्ठ्या घेऊन या. सतरंजी मी आणते.