अनोळखी प्राध्यापकाला पत्र लिहिताना



शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले निम्मे फाउंड्रीवाले समोर बसले असताना अध्यक्षाने उद्योगाच्या भवितव्यावर बोलावं, असा रिवाज आहे. मी तो आज मोडणार आहे आणि फक्त एका पत्राबद्दल बोलणार आहे. आपल्या कारखान्यातला न सुटलेला प्रश्न घेऊन परगावच्या, ओळखपाळख नसलेल्या प्राध्यापकाला आपण जे पत्र लिहितो, ते पत्र.

आपलं नेहमीचं पत्र तुम्हाला पाठ असेल. ‘आदरणीय सर, आमच्याकडे ब्लोहोलमुळे रिजेक्शन फार वाढलं आहे. कृपया मार्गदर्शन करावं. विषय तातडीचा आहे.’ सोबत मोबाईलवर काढलेले ढीगभर फोटो, आणि तेच पत्र एका दमात पाच-सहा संस्थांना. उत्तर येत नाही. मग आपण म्हणतो, या मंडळींना शॉप फ्लोअरचं काही पडलेलं नाही. पण त्या पत्रात उत्तर देण्यासारखं असतं काय? ब्लोहोल म्हणजे पोटदुखी: लक्षण एक, कारणं अनेक. हायड्रोजनची भोकं बहुधा लहान, गोलसर, गुळगुळीत भिंतीची आणि कातडीच्या लगेच खाली असतात. थंड धातू आणि स्लॅगमुळे झालेल्या पोकळीत स्लॅगचे कण सापडतात. नायट्रोजनची पोकळी लांबट, चिरेसारखी, पृष्ठभागाला काटकोनात असते. एवढी छाननी आपल्या मेटलर्जिस्टला करता येते. ती न करता पत्र पाठवणं म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या टेबलावर ढकलणं.

एक उदाहरण घेऊन चालू. समजा, इंडक्शन भट्टीवर ग्रे आयर्नची हाउसिंग बनवणारी फाउंड्री आहे. पिग आयर्न महागलं म्हणून तिने स्टीलच्या भंगाराचं प्रमाण वाढवलं आणि कार्बन भरून काढायला कार्बुरायझरही वाढवला. काही आठवड्यांनी ग्राहकाच्या मशीन शॉपमधून तक्रार आली: कोअरला लागून असलेल्या जाड भागात, मशिनिंगनंतर चिरा दिसतात. पहिला संशय पावसावर आणि ओल्या वाळूवर. तो खोडून काढणं सोपं आहे. वाळूचा ओलावा रोज नोंदलेला असतोच. ज्या दिवशी तो जास्त होता त्या दिवशीचं रिजेक्शनही जास्त होतं का, एवढं शेजारी शेजारी मांडून पाहायचं. संबंध दिसला नाही. चिरा मात्र कोअरच्या बाजूलाच, आणि जाड भागातच.

चिरेसारखी पोकळी म्हणजे नायट्रोजन, आणि त्याचे संशयित दोन उरले. कोल्ड बॉक्स कोअरच्या रेझिनमध्ये नायट्रोजन असतो आणि स्वस्त, ग्राफायटाइज्ड नसलेल्या कार्बुरायझरमध्येही तो असतो. ग्रे आयर्नमध्ये नायट्रोजन साधारण १०० पीपीएमच्या आसपास गेला की जाड भागात अशा चिरा पडू लागतात. यावरचा उपाय पुस्तकात आहेच: थोडं टायटॅनियम घाला, ते नायट्रोजनला बांधून ठेवतं. फाउंड्रीने लेडलमध्ये फेरोटायटॅनियम घातलं, चिरा कमी झाल्या. आणि ग्राहकाची दुसरी तक्रार आली की इन्सर्ट लवकर झिजतात! टायटॅनियमचे जे कण तयार होतात ते फार कठीण असतात, त्यामुळे असं व्हायचंच.

इथे खरा प्रश्न जन्माला आला, आणि पत्र लिहायची वेळही इथेच आली. ते असं असावं:

‘आमच्या ग्रे आयर्न कास्टिंगच्या जाड भागात कोअरलगत नायट्रोजनच्या चिरा पडतात. वाळूचा ओलावा कारण नसल्याचं आमच्या नोंदींवरून दिसतं; तक्ता जोडला आहे. टायटॅनियमने चिरा कमी होतात, पण मशीन शॉपमध्ये टूल झिजतं. धातूतला किती नायट्रोजन कार्बुरायझरमधून येतो, किती कोअरमधून, आणि चिरा थांबवायला या जाडीला कमीत कमी किती टायटॅनियम पुरेल, हे आम्हाला ठरवायचं आहे. नायट्रोजन आणि घनीभवनावरचा आपला लेख वाचला, म्हणून आपल्याला लिहीत आहे. दर आठवड्याला एका हीटमधले काही साचे आम्ही प्रयोगाला देऊ, नमुने कापून पाठवू. एम.टेक.च्या विद्यार्थ्याला हा विषय होऊ शकेल का? अर्धा तास बोलायला वेळ मिळाला तर आभारी राहू.’

एका पानात मावतं. तक्ता एक, फोटो दोन: एक चिरेचा, पट्टी ठेवून काढलेला, दुसरा सूक्ष्मदर्शकाखालचा. लेख खरोखर वाचलेला असावा, कारण पहिल्याच फोनवर ते कळतं.

या पत्रातली सर्वांत वजनदार ओळ साच्यांची आहे. प्राध्यापकाकडे उपकरण असतं, विद्यार्थी असतो. चालू भट्टीतली हीट नसते. उलट आपल्याकडे हीट असते आणि नायट्रोजन नेमका मोजायचं साधन बहुधा नसतं. आपल्या स्पेक्ट्रोमीटरवर नायट्रोजनचा चॅनल असला तरी इतक्या बारीक फरकासाठी त्यावर भिस्त ठेवू नका. त्याला वितळवून वायू मोजणारं ऑक्सिजन-नायट्रोजन विश्लेषक लागतं, आणि नमुनाही लेडलमधून घेऊन ताबडतोब गार केलेला, पांढरा, भेगा नसलेला हवा. सावकाश गार झालेल्या तुकड्यावर आलेला आकडा तुम्हाला आणि त्या विद्यार्थ्यालाही महिनाभर चुकीच्या वाटेने नेईल. म्हणून नमुना कसा घ्यायचा हे आधी त्यांनाच विचारा.

नुसता रासायनिक अहवाल हवा असेल तर प्राध्यापकाला लिहू नका. त्याला टेस्टिंग लॅब आहे, फी भरा आणि मोकळे व्हा.

आता पैसा आणि गुप्तता. पहिल्याच पत्रासोबत गोपनीयतेचा करार पाठवणारे काही जण आपल्यात आहेत. न वाचलेल्या कागदावर सही करायला कोण तयार होईल? पहिल्या पत्रात गुप्त ठेवण्यासारखं काही लिहूच नका. ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग या प्रश्नाला लागतच नाही. करार पुढच्या पायरीवर होतो, आणि तो प्राध्यापक एकटा करत नाही. संस्थेचं संशोधन किंवा कन्सल्टन्सी कार्यालय करतं. त्यात संस्थेचा वाटा असतो, कर असतो, वेळ जातो. सल्ला घ्यायचा असेल तर कन्सल्टन्सी. विद्यार्थी वर्षभर राबणार असेल तर प्रायोजित प्रकल्प. कुठलं हवं ते ठरवून बोला, नाहीतर ‘सर, जरा सांगा ना’ यावर सगळं अडतं.

प्रसिद्धीचा मुद्दाही पहिल्या बैठकीतच काढावा. विद्यार्थ्याला प्रबंध द्यायचा असतो, प्राध्यापकाला पेपर लिहायचा असतो. आकडे छापू द्या, कास्टिंगचं नाव झाका, आणि मसुदा आधी दाखवण्याची मुदत करारात घाला. ‘काहीच छापायचं नाही’ म्हणाल तर चांगला माणूस तिथेच उठेल.

वेळापत्रक त्यांचं असतं, हेही ध्यानात ठेवा. विषय शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला वाटले जातात. मार्चमध्ये लिहून एप्रिलमध्ये विद्यार्थी मिळत नाही. दोनेक आठवडे वाट पाहावी, मग एकच आठवण करावी. संचालकांच्या ओळखीने दबाव आणू नये. तसं आणलेलं काम नाव लावण्यापुरतं होतं. नकार आला तर या विषयावर आणखी कोण काम करतं एवढं विचारावं. अनेकदा तो माणूस आपल्याच भागातल्या महाविद्यालयात निघतो.

आणि एक. या उदाहरणात उत्तर कोअर शॉपवर न जाता कार्बुरायझरवर जाण्याची शक्यता दांडगी आहे. ग्राफायटाइज्ड माल घेतला की टायटॅनियमची गरजच कमी होईल, पण किलोचा दर वाढेल. तेव्हा प्राध्यापक कारखान्यात येतील त्या पहिल्या बैठकीला मेटलर्जिस्टबरोबर खरेदी विभागाचा माणूसही बसवा. कुठला माल कोणत्या महिन्यात, कोणाकडून, कुठल्या दराने आला, याची बिलं त्याच्या फायलीत असतात, आणि ती मागितली जाणार आहेत.