फोनमध्ये जागा नसताना व्हिडिओ एडिट करताना



शाळेचं स्नेहसंमेलन झालं की त्याची एक छोटीशी फिल्म करून पालकांना पाठवायची, ही पद्धत आता खेड्यापाड्यांतल्या शाळांतही रुळली आहे. कॅमेरा म्हणजे बाईंचा किंवा सरांचा फोन, आणि एडिटिंगही त्याच फोनवर. एडिटिंगसाठी संगणक नसतो, वेगळा कॅमेरा नसतो. असतो तो 64 जीबीचा, दोन-तीन वर्षं वापरलेला अँड्रॉइड फोन, आणि त्यात जेमतेम 2 जीबी जागा शिल्लक. आज मी याच फोनबद्दल बोलणार आहे. एवढ्याशा जागेत आठ मिनिटांची फिल्म पूर्ण करता येते. फक्त कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हे नीट ठरवावं लागतं.

आधी जागेचा अंदाज घेऊ. साध्या फुल एचडी चित्रीकरणाला, म्हणजे सेकंदाला 30 चौकटी या नेहमीच्या सेटिंगला, बहुतेक फोनवर मिनिटाला सुमारे 130 एमबी लागतात. फोर-के ठेवलं तर हाच आकडा साडेतीनशेच्या आसपास जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिल्या जाणाऱ्या फिल्मसाठी फोर-केचा काहीच उपयोग नाही, म्हणून चित्रीकरणाआधीच कॅमेऱ्याचं सेटिंग बघून घ्यावं. आपण असं धरू की बाईंनी फुल एचडीत एकूण 40 मिनिटं चित्रीकरण केलं. म्हणजे सव्वापाच जीबीच्या क्लिप आधीच फोनमध्ये बसल्या आहेत आणि 2 जीबी मोकळे आहेत. आता फिल्म बाहेर काढताना, म्हणजे एक्स्पोर्ट करताना, आठ मिनिटांच्या फाइलला साधारण 700 एमबी लागतील. काही अ‍ॅप आधी तात्पुरती फाइल तयार करतात आणि मग तिची प्रत गॅलरीत ठेवतात, त्यामुळे तेवढा वेळ दुप्पट जागा लागते. एडिट करताना अ‍ॅप स्वतःसाठी जे साठवतं ते वेगळंच. म्हणून 2 जीबीच्या भरवशावर काम सुरू केलं की एक्स्पोर्ट नव्वद टक्क्यांवर जाऊन अडकतो. तिथे अडकण्यापेक्षा सुरुवातीलाच जागा केलेली बरी.

आता मुख्य मुद्दा. एडिटिंगच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही क्लिप घेता तेव्हा बहुतेक अँड्रॉइड अ‍ॅप ती क्लिप आपल्याकडे उचलून नेत नाहीत. क्लिप गॅलरीत जिथे होती तिथेच राहते. अ‍ॅप फक्त तिचा पत्ता लिहून ठेवतं आणि कुठून कुठपर्यंतचा भाग घ्यायचा याची नोंद करतं. म्हणून तुमचा प्रोजेक्ट काही केबींचा किंवा फार तर थोड्या एमबींचा असतो. अर्धं एडिटिंग झाल्यावर जागा कमी पडते म्हणून कुणी मूळ क्लिप मेमरी कार्डावर हलवतो, फोल्डर बदलतो किंवा क्लिपला नवं नाव देतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडल्यावर नृत्याच्या जागी काळी चौकट दिसते. क्लिप कुठेही गेलेली नसते, पत्ता चुकलेला असतो. तीच क्लिप त्याच नावाने मूळ फोल्डरमध्ये परत ठेवली तर काही अ‍ॅप ती पुन्हा ओळखतात. काहींमध्ये मात्र त्या जागी क्लिप पुन्हा निवडून द्यावी लागते. त्यामुळे नियम असा: क्लिप हलवायच्या तर एडिटिंग सुरू करण्यापूर्वी, नाहीतर फिल्म पूर्ण झाल्यावर. मधल्या काळात त्यांना हात लावायचा नाही.

इथे आणखी एक धोका सांगतो, कारण तो मदतीच्या रूपात येतो. गूगल फोटोज अधूनमधून Free up space असं बटण पुढे करतं. ते दाबलं की ज्या क्लिपचा बॅकअप झालेला आहे त्या फोनमधून काढल्या जातात. गूगल फोटोजमध्ये त्या तुम्हाला दिसत राहतात, म्हणून सगळं जागेवर आहे असं वाटतं. पण एडिटिंगच्या अ‍ॅपसाठी त्या नाहीशा झालेल्या असतात. शिवाय बॅकअप जागा वाचवणाऱ्या सेटिंगवर असेल तर ढगातली प्रत मूळ दर्जाची नसते. फिल्म हातात असेपर्यंत हे बटण दाबू नका.

तर सुरुवात कुठून करायची? आधी गॅलरीतली कचरापेटी उघडा. डिलीट केलेले व्हिडिओ तिथे साधारण 30 दिवस पडून असतात आणि तेवढी जागा अडवून ठेवतात. डिलीट करूनही जागा वाढत नाही, अशी तक्रार अनेकजण करतात, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप. सेटिंगमध्ये Storage and data, त्यात Manage storage. तिथे मोठ्या फाइल वेगळ्या काढून दाखवतात. शिक्षकांच्या फोनवर परिपत्रकांच्या आणि प्रशिक्षणांच्या व्हिडिओंनी भरलेले ग्रुप असतात, तिथूनच एक-दीड जीबी सहज निघतात. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओंची आणखी एक प्रत व्हॉट्सअ‍ॅप Sent नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं, तेही पाहून घ्या.

यानंतर पेन ड्राइव्ह. फोनच्या टाइप-सी तोंडात बसणारा दुतोंडी पेन ड्राइव्ह मिळतो. साधा असेल तर मध्ये ओटीजीची छोटी पिन लावावी लागते. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापरलं नाही तर ते आपोआप बंद होतं. फोन पेन ड्राइव्ह ओळखत नसेल तर आधी हे तपासा. तरीही दिसला नाही तर तो बहुधा संगणकासाठी एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, आणि अनेक फोन ती पद्धत वाचत नाहीत. संगणकावर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यावा. त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून त्यात काही असेल तर आधी काढून ठेवा.

आता सगळ्या 40 मिनिटांच्या क्लिप पेन ड्राइव्हवर घ्यायच्या. ‘मूव्ह’ नाही, ‘कॉपी’. मूव्ह करताना मधेच पिन हलली तर कोणत्या क्लिप नीट गेल्या आणि कोणती अर्धवट राहिली, हे शोधत बसावं लागतं. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहा. मग पेन ड्राइव्हवरच्या सगळ्यांत मोठ्या दोन-तीन क्लिप उघडा आणि शेवटच्या दहा सेकंदांवर जाऊन चालवून बघा. अर्धवट कॉपी झालेली फाइल बहुधा उघडतच नाही, किंवा शेवटी अडकते. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी फोनवर त्याला ‘इजेक्ट’ करा.

यानंतरचं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि लोक नेमकं तेच टाळतात. 40 मिनिटांतली फिल्ममध्ये येणारी किती? आठच. मग सगळी 40 मिनिटं फोनमध्ये ठेवून एडिट करण्यात अर्थ नाही. उदाहरणार्थ, लेझीमची एक सलग क्लिप नऊ मिनिटांची आहे, जवळजवळ 1.2 जीबी. तिच्यातली दोन मिनिटं उपयोगाची आहेत. गॅलरीतच ट्रिम उघडा, दोन्ही टोकांना दोन-तीन सेकंद जास्त ठेवा आणि नवी प्रत म्हणून सेव्ह करा. टोकांना जास्त ठेवायचं कारण असं की गॅलरीतली काट नेहमी तुम्ही सांगितलेल्या क्षणी पडत नाही, थोडी मागेपुढे होते. ही नवी प्रत 260 एमबीची होईल. ती चालवून बघा, आवाज आहे ना ते ऐका, मग फोनमधली नऊ मिनिटांची क्लिप डिलीट करा आणि कचरापेटीही रिकामी करा. तिची मूळ प्रत पेन ड्राइव्हवर आहेच. एका क्लिपमागे नऊशे एमबी मोकळे झाले. पुढची क्लिप मग घ्यायची. एकेक क्लिप अशीच पूर्ण करायची, म्हणजे मध्येच जागा संपत नाही. असं करत करत निवडलेलं चित्रीकरण पंधरा मिनिटांवर आणलं तर क्लिपना 2 जीबी लागतात आणि 5 जीबी मोकळे होतात. एवढ्या जागेत आठ मिनिटांची फिल्म निवांत होते.

आता या छाटलेल्या क्लिप घेऊन एडिट सुरू करा. काही दिवस काम चाललं की अ‍ॅप फुगतं. चित्रपट्टीची छोटी चित्रं, आवाजाच्या लहरी, उलट फिरवलेल्या क्लिप, डाउनलोड केलेले फाँट आणि संगीत, असं पुष्कळ काही अ‍ॅप साठवत असतं. यातलं बरंचसं कॅशेमध्ये असतं. सेटिंगमधून अ‍ॅप निवडून त्याच्या Storage पानावर गेलात की शेजारी शेजारी दोन बटणं दिसतात. एक Clear cache. ते दाबलं तर पुन्हा बनवता येणाऱ्या गोष्टी जातात. अ‍ॅप पुढच्या वेळी थोडं सावकाश उघडतं, उलटी केलेली किंवा स्थिर केलेली एखादी क्लिप परत करून घ्यावी लागते, एवढंच. दुसरं Clear data, काही फोनवर त्याचं नाव Clear storage. ते दाबलं तर अ‍ॅपमधले तुमचे सगळे अर्धवट प्रोजेक्ट जातात आणि ते परत आणता येत नाहीत. अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्याचा परिणामही हाच. कॅशे पुसायचा तर काम सेव्ह करून, अ‍ॅप पूर्ण बंद करून, एक्स्पोर्टच्या आधी पुसा.

प्रोजेक्ट जपून ठेवायचा असेल तर अ‍ॅप स्वतः ती सोय देतं का ते पाहा. काइनमास्टरमध्ये प्रोजेक्ट क्लिपसह .kine फाइल म्हणून बाहेर काढता येतो. ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवली तर पुढच्या वर्षीही उघडता येते.

एक्स्पोर्ट झाल्यावर फिल्म शेवटपर्यंत बघा. जागा अपुरी पडली असेल तर फाइल शून्य आकाराची निघते, मध्येच संपते किंवा गॅलरीत दिसतच नाही. तेव्हा पुन्हा पुन्हा एक्स्पोर्ट दाबत बसू नका, प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची तात्पुरती फाइल मागे राहू शकते. आधी कॅशे पुसा, फोन बंद करून चालू करा, जागा पाहा, आणि मगच 720 पीवर प्रयत्न करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिल्म ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर तिचा दर्जा कमी होत नाही.

फिल्म पालकांपर्यंत पोहोचली की ती पेन ड्राइव्हवरही ठेवा, आणि त्यानंतर अ‍ॅपमधला प्रोजेक्ट व फोनमधल्या छाटलेल्या क्लिप डिलीट करा. पण पेन ड्राइव्ह ही एकच प्रत झाली, आणि पेन ड्राइव्ह बिघडतात, हरवतात. म्हणून माझी विनंती आहे की शाळेच्या संगणकावर मूळ क्लिपची दुसरी प्रत करून घ्या, आणि ती झाल्याशिवाय फोनमधली शेवटची क्लिप पुसू नका.