नखाच्या मुळाशी काय पाहायचं?

विडी ओढणाऱ्या माणसाला खोकला आणि दम लागणं हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे, की त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. घरचे म्हणतात, विडीचा खोकला आहे. डॉक्टरही पुष्कळदा पंप लिहून देतात, आणि ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण अशा माणसाच्या बोटांची टोकं फुगलेली दिसली, तर नुसत्या पंपावर भागत नाही. बोटांच्या या बदलाला डॉक्टर मंडळी ‘क्लबिंग’ म्हणतात. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

साठीच्या एका शेतकरी गृहस्थांचं उदाहरण घेऊ. पंचवीस-तीस वर्षांची विडी, सकाळचा खोकला, चढावर दम. दम्याचा पंप चालू होता. चार-सहा महिन्यांपासून दोन्ही मनगटं आणि घोटे दुखायला लागले. संधिवात समजून गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की बरं, सोडली की पुन्हा तेच. तक्रारी दोन, औषधं दोन, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाला वाटलं नाही. तो संबंध त्यांच्या हाताच्या बोटांवर दिसत होता.

तो कसा पाहायचा, ते सांगतो. आपली तर्जनी डोळ्यांसमोर आडवी धरा आणि बाजूने बघा. नख जिथे कातडीतून बाहेर येतं, तिथे नख आणि कातडी यांच्यामध्ये एक हलकासा खळगा असतो. त्या जागचा कोन साधारण १६० अंशांचा असतो. क्लबिंगमध्ये नखाच्या मुळाखालचा मऊ भाग फुगतो, खळगा भरून येतो, कोन १८० अंशांच्या पुढे जातो आणि बोटाची वरची रेषा सपाट किंवा फुगीर दिसते. पुष्कळांची नखं जन्मापासून बाकदार असतात. ते क्लबिंग नव्हे. नख कितीही वाकडं असलं, तरी मुळाशी खळगा शाबूत असेल तर काळजी नाही. म्हणून नजर नखाच्या टोकाकडे न ठेवता मुळाकडे ठेवायची.

आता दुसरी तपासणी. दोन्ही हातांची तीच बोटं, म्हणजे समजा दोन्ही तर्जन्या, शेवटच्या पेरात पाठीला पाठ लावून धरा. नखाला नख टेकलं पाहिजे आणि शेवटचा सांधाही सांध्याला टेकला पाहिजे. उजेडाकडे धरून पाहिलंत, तर नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची छोटीशी फट दिसेल. क्लबिंग असेल तर ही फट बुजते. जोहान्सबर्गच्या बॅरगवानाथ रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना स्वतःलाच हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झाला होता. त्या आजारात आपल्या बोटांमधली ही फट कशी नाहीशी झाली आणि बरं झाल्यावर कशी परत आली, हे त्यांनी १९७६ साली लिहिलं. तेव्हापासून ही तपासणी त्यांच्या नावाने ओळखली जाते. नखं वाढलेली असली की ती आधी टोकाला टेकतात आणि तपासणी फसते. म्हणून नखं कापलेली हवीत.

तिसरी तपासणी डॉक्टर किंवा नर्सच्या हातची. रुग्णाच्या बोटाचं पेर खालून दोन्ही अंगठ्यांवर तोलायचं आणि वरून दोन्ही तर्जन्यांनी नखाच्या मुळावर आळीपाळीने हलकं दाबायचं. निरोगी नख खालच्या हाडाला घट्ट धरून असतं. क्लबिंगमध्ये ते दाबाबरोबर खालीवर होतं. अगदी सुरुवातीच्या अवस्थेत दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होईलच असं नाही. अशा वेळी कॅलिपरने तर्जनीची जाडी दोन ठिकाणी मोजावी, एकदा नखाच्या मुळाशी आणि एकदा शेवटच्या सांध्याशी. एरवी सांध्यापाशी जाडी जास्त असते. मुळाशी ती जास्त भरली, तर शंका उरत नाही.

त्या गृहस्थांच्या दोन्ही हातांच्या बोटांमधली फट बुजलेली होती आणि नखं दाबाने हलत होती. पायांची बोटंही तशीच. मग घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर दाबलं, तर ते कळवळले. म्हणजे दुखणं सांध्यापुरतं नव्हतं, हाडालाही होतं. पायाच्या एक्स-रेमध्ये लांब हाडाच्या कडेने नव्या हाडाचा पातळ थर दिसला, आणि छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ. सीटी स्कॅन झाला, सुईने तुकडा काढून तपासला. कर्करोग होता, पण पसरलेला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच मनगटं आणि घोटे दुखायचे थांबले. बोटं उतरायला मात्र कितीतरी महिने लागले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की बोटं फुगतात, असं पुष्कळजण समजतात. तसं असतं तर विडी-सिगारेटमुळे श्वासनलिका कायमच्या आकसलेल्या प्रत्येक रुग्णाला क्लबिंग दिसलं असतं. ते दिसत नाही. नुसत्या दम्यातही दिसत नाही. म्हणूनच अशा रुग्णात क्लबिंग दिसलं, तर आणखी काहीतरी आहे असं समजून आधी फुप्फुसाचा कर्करोग शोधायचा.

याचं कारण काय, यावर १९८७ साली डिकिन्सन आणि मार्टिन यांनी मांडलेलं स्पष्टीकरण मला सर्वांत पटतं. रक्तातल्या प्लेटलेट ज्या मोठ्या पेशींपासून तयार होतात, त्या पेशी एरवी फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकून तिथेच फुटतात. फुप्फुसातली ही चाळणी बिघडली, किंवा हृदयातल्या छिद्रातून रक्त तिला वळसा घालून गेलं, तर त्या पेशी किंवा त्यांचे मोठे तुकडे बोटांच्या टोकांशी जाऊन अडकतात आणि तिथे ऊती वाढवणारे पदार्थ सोडतात. जन्मतः हृदयदोष असलेल्या निळसर मुलांची बोटं का फुगतात, ते यावरून समजतं. सगळ्याच कारणांना मात्र हे स्पष्टीकरण लागू पडत नाही.

छातीच्या बाकी आजारांत कारण बहुधा जुनं आणि पूचं असतं. फुप्फुसातलं किंवा फुप्फुसाच्या आवरणातलं गळू, किंवा कायमच्या रुंदावलेल्या श्वासनलिका, ज्यातून रोज सकाळी वाटीभर पिवळा बेडका पडतो. आपल्याकडे क्षयाचा विचार पहिला येतो, पण नव्या क्षयात क्लबिंग क्वचितच दिसतं. जुन्या क्षयाने फुप्फुसाचा एखादा भाग खराब करून ठेवला असेल, तर दिसतं. फुप्फुसं आवळत जाणाऱ्या फायब्रोसिसमध्ये खोकला कोरडा असतो आणि बोटं ठळक फुगलेली. छातीबाहेर पाहायचं, तर यकृताचा सिऱ्होसिस आणि आतड्यांची दीर्घकाळची सूज ही कारणं लक्षात ठेवावीत.

एकाच बोटाला बदल असेल, तर बहुधा जुना मार किंवा नखुरडं. एकाच हाताला असेल, तर त्या हाताच्या रक्तवाहिनीत दोष शोधावा. भावंडांचीही बोटं तशीच असतील आणि तरुणपणापासून तशीच असतील, तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. पण अलीकडच्या काही महिन्यांत, दोन्ही हातांना बदल झाला असेल, तर छातीचा एक्स-रे त्याच आठवड्यात काढून घ्या. तो स्वच्छ आला आणि बोटं तरीही तशीच असतील, तर डॉक्टरांना सीटी स्कॅनबद्दल विचारा, कारण हृदयामागे किंवा हसळीच्या हाडाआड लपलेली लहान गाठ साध्या एक्स-रेत सुटू शकते. आणि बोटं चांगली आहेत म्हणून थुंकीतून पडणारं रक्त किंवा घटणारं वजन अंगावर काढू नका. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पुष्कळ रुग्णांत क्लबिंग होतच नाही.