गर्दी किती यापेक्षा वजन किती

(संघाच्या सभासद महिलांसाठी पुण्यात मंडईजवळ झालेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषण. बोलीतले शब्द तसेच ठेवले आहेत.)



मी गेली काही वर्षं पुण्यातल्या छोट्या-मोठ्या व्यवसायांसाठी सोशल मीडियाचं काम करणारी माणसं निवडते. आज तुमच्यातल्या बऱ्याच जणी रील काढतात, यूट्यूबवर पदार्थ दाखवतात. काहींनी एक-दोन ब्रँडचं कामही केलंय. पण नोकरीसाठी अर्ज करताना कागदावर एकच ओळ असते : ‘माझे 18 हजार फॉलोअर्स आहेत.’ ती वाचून समोरच्याला फारसं काही कळत नाही.

का कळत नाही, ते बाहेर मंडईत बघा. सकाळी गाळ्यासमोरून शेकडो माणसं जातात. गाळेवाल्या मावशी संध्याकाळी हिशोब करतात तो गेलेल्या माणसांचा नाही, तराजूत पडलेल्या मालाचा. फॉलोअर्स म्हणजे समोरून जाणारी माणसं. मालक विचारतो ते तराजूचं.

आपल्या गटालाही बँक कर्ज देते ती सभासद किती हे बघून नाही. बैठक, बचत, परतफेड याची वही बघून देते. तशीच वही तुमच्या चॅनेलची लागते.

आता एक उदाहरण मांडू. समजा, पुरंदर तालुक्यातली एक ताई आहे. वाळवणं आणि मसाल्यांचे व्हिडिओ करते. फॉलोअर्स 18,400. तिच्या शेवटच्या दहा रीलचे व्ह्यूज असे : 2,900, 3,100, 3,400, 3,600, 3,800, 4,200, 4,500, 5,100, 6,000 आणि एक रील चालली ती 2,10,000.

सगळ्यांची सरासरी काढली तर 24,660 येते. ताई हाच आकडा लिहील, आणि तिथंच फसेल. मुलाखत घेणारी बाई मोबाइल उघडून चार रील बघेल, तिला तीन-चार हजारच दिसतील. मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही तिचा विश्वास बसणार नाही. म्हणून आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत लावा आणि मधला धरा. दहा असतील तर मधले दोन, 3,800 आणि 4,200; त्यांचा मध्य 4,000. ताईने लिहायचं : ‘साधारण एका रीलला 4,000 व्ह्यूज, एका रीलला 2,10,000.’ आणि ती एक का चालली असेल, हे दोन वाक्यांत सांगायचं. पापड उन्हात का तडकतो हे दाखवलं म्हणून, की सण तोंडावर होता म्हणून? हे सांगता आलं की समोरच्याला कळतं, बाई विचार करून काम करते.

दुसरी गोष्ट, बघणारे कुठले आहेत. इन्स्टाग्रामवर प्रोफेशनल खातं केलं की `Insights` मध्ये आणि यूट्यूब स्टुडिओत `Analytics` मध्ये प्रेक्षकांचं ठिकाण आणि वय दिसतं. तुळशीबागेतल्या दुकानदाराला पुण्या-पिंपरीतले दोन हजार प्रेक्षक हे देशभर विखुरलेल्या वीस हजारांपेक्षा जास्त कामाचे. हे आकडे दर महिन्याच्या शेवटी वहीत उतरवा आणि तारखेसह पूर्ण स्क्रीनशॉट ठेवा. जुने आकडे मागे जाऊन सापडतीलच असं नाही. कापलेला, बिनतारखेचा स्क्रीनशॉट आम्ही मोजत नाही.

विकत घेतलेले फॉलोअर्स तर लगेच ओळखू येतात. फॉलोअर्स 50 हजार आणि व्ह्यूज 300, एका रात्रीत चढलेला आकडा, मराठी चॅनेलला परदेशातल्या शहरांचे प्रेक्षक, कॉमेंटमध्ये नुसते बदाम. त्या वाटेला जाऊ नका.

आता ब्रँडचं काम. ‘अमुक मसाल्यासोबत कोलॅब’ एवढंच लिहू नका. आपल्या ताईने असं लिहावं :

‘मसाला उत्पादकासाठी 2 रील, 3 स्टोरी. विषय सुचवणं, चित्रीकरण, संकलन आणि कॉमेंटना उत्तरं मी केली. ठरल्याप्रमाणे 15 दिवसांत काम दिलं. मोबदला 6,000 रुपये. माझ्या कूपनवरून 62 ऑर्डर, विक्री 21,700 रुपये.’

ही नोंद वाचून मालक मनात भागाकार करतो : सहा हजाराला 62 ऑर्डर, म्हणजे एका ऑर्डरमागे साधारण 97 रुपये. त्याला हेच हवं असतं. कूपन नसेल तर काम सुरू करण्याआधीच मागून घ्या, किंवा व्हॉट्सॲपवर चौकशीचे किती मेसेज आले ते ब्रँडकडून लिहून घ्या. नंतर कोणी सांगत नाही. ब्रँडने पैसे टाकून रील पुढे ढकलली असेल तर तेही लिहा; ते व्ह्यूज तुमच्या एकटीचे नव्हेत. आणि विक्रीचे आकडे अर्जात घालण्याआधी ब्रँडची परवानगी घ्या. दुसऱ्याचा हिशोब न विचारता उघड करणारी बाई आपलाही करेल, असं मालकाला वाटतं.

पैसे न घेता फक्त वस्तू मिळाली असेल तर ‘मोबदला : वस्तू’ असं लिहा. आणि त्या व्हिडिओवर जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. जाहिरात क्षेत्रातल्या ‘ॲस्की’ या संस्थेने 2021 मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्ये हे सांगितलं आहे. फुकट मिळालेल्या वस्तूलाही ते लागू आहे. मी उमेदवाराचे जुने व्हिडिओ बघते तेव्हा हे पहिलं तपासते, कारण उद्या ती आमच्या नावाने बोलणार असते.

कामाचा पुरावाही जपा. ठरलेल्या कामाचा मेसेज किंवा ईमेल, बिल, बँकेतली जमा, आणि ब्रँडकडची एक व्यक्ती जी फोनवर ‘हो, काम वेळेत दिलं’ असं सांगेल. तिला आधी विचारून मगच तिचा नंबर द्या. एवढ्यावर ‘स्वतंत्र काम, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत’ असा अनुभव लिहिता येतो.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी ‘आपली आजी’ म्हणून घराघरात पोचल्या. पुण्याच्या मधुरा बाचल यांनी रेसिपींच्या प्रेक्षकांवर मसाल्यांचा व्यवसाय उभा केला. तिथं प्रेक्षक त्यांच्या स्वतःच्या कामाला आले. नोकरीत तसं नसतं. तुमचे 18 हजार तुमच्याच खात्यावर राहतात. मालकाच्या खात्यावर कदाचित 300 असतात. म्हणून त्याचा खरा प्रश्न असतो, ‘माझ्यासाठी काय कराल?’

त्याचं उत्तर सोबत न्या. ग्रामसंघाचं किंवा गटाच्या विक्रीचं खातं तुम्ही चालवलं असेल तर सुरुवातीचा आणि सहा महिन्यांनंतरचा आकडा दाखवा. ते खातं गटाचं आहे, तुमचं नाही, हेही लिहा. आणि व्हिडिओत दिसणाऱ्या बायांना विचारून घ्या. असं काही नसेल तर ज्या दुकानात अर्ज करताय त्याच्या एका वस्तूवर 30 सेकंदांची रील बनवून न्या. मोबाइलवर दाखवा, पण काम पक्कं होईपर्यंत फाइल देऊ नका.

हे सगळं मिळून एक पान होतं. वर नाव आणि विषय, मग मधला आकडा आणि प्रेक्षकांची गावं, मग ब्रँडच्या दोन-तीन नोंदी, शेवटी दुसऱ्यासाठी केलेलं एक काम. घरी गेल्यावर आधी शेवटच्या दहा व्हिडिओंचे व्ह्यूज वहीत उतरवा आणि मधला आकडा काढा. तो अपेक्षेपेक्षा लहान निघेल. तरीही तोच लिहा, कारण मुलाखतीत कोणी उलटतपासणी केली तरी तो बदलणार नाही.