देणगीच्या अर्जासोबतचा ईमेल

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते आणि या सामाजिक दायित्व निधीसाठी, म्हणजेच सीएसआरसाठी, लहान संस्था अर्ज पाठवते तेव्हा सर्वांत आधी वाचला जातो तो सोबतचा ईमेल. त्यात बहुधा संस्थेचा इतिहास लांबतो आणि रक्कम शेवटी, तीही ‘यथाशक्ती सहकार्य’ अशा मोघम शब्दांत येते.

कडेगाव तालुक्यातील एखाद्या संस्थेला साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामापुरता चालणारा वर्ग, सुरू करावयाची आहे असे समजू. वांगीसारख्या कारखान्याच्या गावाभोवती टोळ्या उतरतात व मुलांची मूळ गावची शाळा मध्येच सुटते, ही गरज दोन वाक्यांत मांडता येते; तिच्यात ‘अनेक मुले’ असे न म्हणता मुलांची संख्या, वयोगट आणि ती मोजणी केव्हा केली हे आले पाहिजे.

रकमेचा हिशेब याच मोजणीतून निघतो. चाळीस मुले, पाच महिने आणि दोन शिक्षक धरल्यास प्रत्येकी दरमहा दहा हजारांप्रमाणे मानधन १,००,००० रुपये, प्रत्येक मुलाला दररोज वीस रुपयांचा खाऊ १२५ दिवसांसाठी १,००,००० रुपये, साहित्य ३०,००० आणि शेड व सतरंज्या २०,००० रुपये, असा एकूण खर्च २,५०,००० रुपये होतो. त्यातील शेवटच्या दोन बाबींचे ५०,००० गावातून उभे राहत असतील, तर मागणी २,००,००० रुपयांची, आणि हे दोन्ही आकडे ईमेलमध्ये शेजारी शेजारी लिहावेत. नाहीतर अंदाजपत्रकात अडीच लाख, विश्वस्तांच्या ठरावात दोन लाख असे दिसते आणि वाचणारा अधिकारी तेथेच थांबतो. ईमेलचा विषय ‘साखरशाळा, कडेगाव तालुका: ४० मुले, ५ महिने, रु. २,००,०००’ इतका उघड असावा.

सोबतच्या कागदपत्रांत धर्मादाय आयुक्तालयाकडील न्यासाचे नोंदणीपत्र, पॅन, देणगीदाराला करसवलत देणारे ८०जी प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल, अंदाजपत्रक आणि ठराव हे असतातच. परंतु १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ या नोंदणीचा क्रमांक नसलेल्या संस्थेमार्फत कंपनीला हा निधी खर्च करता येत नाही, म्हणून तो क्रमांक ईमेलमध्येच द्यावा. नोंदणीपत्रावर ‘सेवा मंडळ’ आणि पॅनवर ‘सेवा ट्रस्ट’ असा नावातील फरक, किंवा ८०जी ची उलटून गेलेली मुदत, हे दोष पाठवण्यापूर्वी कागद शेजारी ठेवले तरच दिसतात. मोबाइलवर काढलेली वीस छायाचित्रे जोडण्यापेक्षा, क्रमांक व नाव दिलेल्या पीडीएफ फाइली जोडून त्यांची यादी ईमेलच्या तळाशी द्यावी.

रक्कम केव्हा लागणार हेही लिहावे लागते, कारण गळीत हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, तर कंपनीच्या समितीच्या बैठका तिच्या स्वतःच्या वेळापत्रकाने होतात. फेब्रुवारीत मंजूर झालेली रक्कम हाती येईपर्यंत टोळ्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात.