लिपी डोळ्यांसाठी, भाषा कानांसाठी
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



काही दिवसांपूर्वी मुंबईस राहणाऱ्या आपल्या एका कन्येची चिठ्ठी आम्हांस आली. "फादर, आजीच्या ऐंशीव्या वाढदिवशी वाचावयास मराठीत आशीर्वादाच्या चार ओळी लिहून पाठवा." मागणी लहान, पण लेखणी हाती घेताच आम्ही अडलो. चिठ्ठी मराठी होती, परंतु अक्षरे रोमी होती. तेव्हा उत्तर कोणत्या अक्षरांत द्यावे? आणि ग्रंथातील मराठीत, की घरगुती?

हीच अडचण फादर थॉमस स्टीफन्स ह्यांस पडली होती. मराठी अक्षरांचे खिळे पाडावे अशी विनंती त्यांनी १६०८ साली रोमला केली. परंतु जोडाक्षरांमुळे खिळे फार लागत, आणि ते काम झाले नाही. म्हणून त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमी अक्षरांत छापले गेले. भाषा मात्र त्यांनी छापखान्याकडे पाहून ठरविली नाही. ती मुख्यत्वे मराठीच ठेविली. तथापि निव्वळ ग्रांथिक मराठी सामान्य जनांस कळणार नाही, म्हणून तीत लोकांच्या ओळखीचे कोकणी शब्द मिसळले. लिपी वाचणाऱ्याच्या सोयीची, भाषा ऐकणाऱ्याच्या समजुतीची, हा त्यांचा धडा होय.

रोमी अक्षरांत धोकाही आहे. 'kal ala' असे लिहिले, तर पाहुणा 'काल आला' असे वाचावे, की कोणाचा 'काळ आला' असे? ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट ह्यांस तेथे एकच अक्षर पडते. म्हणून स्टीफन्स ळ साठी 'll' असे दुहेरी अक्षर योजीत. तेवढी खूण केली की 'kall' म्हणजे काळच.

आम्ही त्या कन्येस उलट दोनच प्रश्न विचारले: वाचणार कोण, आणि ऐकणार कोण? उत्तर आले, "वाचणार मी, मला देवनागरी अडखळत येते. आजीस दिसत नाही. ती घरी कादोडी बोलते आणि मंदिरातील मराठी प्रार्थना तिला पाठ आहेत."

मग गाठ सुटली. ओळी रोमी अक्षरांत लिहिल्या, ळ आणि ण दुहेरी केले. 'आपल्या दीर्घायुष्याचे अभीष्ट चिंतितो' हे वाक्य खोडून 'आजी, देव तुला सुखात ठेवो' असे लिहिले. शेवटी मात्र तिच्या पाठातील प्रार्थनेचे शब्द जसेच्या तसे ठेविले. ते जड असले, तरी तिच्या कानांस परके नव्हते. खाली तोच मजकूर देवनागरीतही लिहिला, म्हणजे शंका आल्यास ताडून पाहता यावे.

वाचताना नात एकदाही अडली नाही, आणि प्रार्थनेचे शब्द येताच आजी तिच्याबरोबर म्हणू लागली, असे मागाहून कळले. तेव्हा बंधुभगिनींनो, कोणी "मराठीत लिहा" म्हणाले, तर लेखणी उचलण्यापूर्वी हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.