नित्याचे काम आणि प्रकल्प : बँकेच्या लॉकरखोलीतील एक धडा



मराठी घरात ‘आज स्वयंपाक आहे’ असे कोणी मुद्दाम सांगत नाही. परंतु ‘घरात कार्य आहे’ असे म्हटले की सर्वांचे कान टवकारतात. चूल तीच, माणसे तीच, तांदूळही तेच. तरीही कार्य म्हटले की तिथी ठरते, याद्या होतात, कोणी एक कर्ता नेमला जातो, आणि मांडव उतरला की ते संपते. स्वयंपाक मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा असतोच. व्यवस्थापनशास्त्र ज्याला ‘नित्य कामकाज’ आणि ‘प्रकल्प’ म्हणते, त्यांतील भेद मुळात हाच आहे. त्या शास्त्रातील प्रचलित व्याख्येनुसार प्रकल्प म्हणजे एखादे आगळे फलित निर्माण करण्यासाठी हाती घेतलेला तात्पुरता उद्योग. ‘तात्पुरता’ म्हणजे अल्पकालीन नव्हे. तो वर्षभरही चालेल, परंतु त्याला आरंभ आणि शेवट ठरलेला असतो.

हा भेद बोलण्यात सोपा आणि आचरणात अवघड आहे, कारण बहुतेक ठिकाणी दोन्ही कामे एकाच छपराखाली, त्याच माणसांच्या हातून होतात. बँकेची शाखा हे त्याचे उत्तम उदाहरण असून, शाखेतही लॉकरची खोली अधिक बोलकी आहे.

प्रथम त्या खोलीतील नित्याचे काम पाहावे. लॉकरधारक येतो, नोंदवहीत सही करतो आणि वेळ नोंदवली जाते. अधिकारी सही पडताळतो, बँकेची मास्टर किल्ली लावतो, धारक स्वतःची किल्ली लावतो. दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय कप्पा उघडत नाही. अधिकारी बाहेर थांबतो. धारक आपले काम उरकतो, कप्पा बंद करतो आणि निघतो. दिवसाअखेर सर्व कप्पे नीट बंद आहेत ना, आत कोणी राहिले नाही ना, हे पाहून खोलीला कुलूप लागते. या कामाचे सौंदर्य त्याच्या एकसारखेपणात आहे. हजाराव्या धारकाची सहीही पहिल्याच्या इतक्याच काळजीने पाहिली गेली, तर काम उत्तम झाले. येथे नावीन्य म्हणजे बहुधा चूकच. आणि ‘हे काम संपणार कधी?’ या प्रश्नाला येथे अर्थच नाही.

याच खोलीत २०२३ साली एक प्रकल्प येऊन उभा राहिला. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरविषयी सुधारित निर्देश दिले होते. त्यांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट ठरले. जुन्या धारकांशी नवा करार १ जानेवारी २०२३ पर्यंत व्हावयाचा होता. ती तारीख उलटली तरी फार मोठ्या संख्येने करार बाकी राहिले. तेव्हा २३ जानेवारी २०२३ च्या परिपत्रकाने मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि मधले दोन टप्पे ठरले : ३० जूनपर्यंत निम्मे आणि ३० सप्टेंबरपर्यंत पाऊणपट. करार नाही म्हणून ज्यांचे लॉकर गोठवले गेले होते, ते तात्काळ खुले करण्यासही त्याच परिपत्रकाने सांगितले. या शेवटच्या वाक्यावरून काय पणाला लागले होते ते दिसते. लग्नाच्या तोंडावर स्वतःचेच दागिने स्वतःला काढता येऊ नयेत, ही वेळ केवळ एका कागदावाचून येऊ शकत होती.

हे काम प्रकल्प का? त्याला शेवटची तारीख आहे, त्याचे फलित एकदाच निर्माण व्हावयाचे आहे, आणि ते झाल्यावर काम उरत नाही. मग ते नित्याच्या पद्धतीने केले तर काय होते, हे एका कल्पित शाखेच्या आकड्यांवरून तपासता येईल.

समजा, त्या शाखेत भाड्याने दिलेले ५२० लॉकर आहेत. फेब्रुवारीच्या आरंभी ६० करार झालेले आहेत आणि ४६० बाकी आहेत. जूनअखेर निम्मे म्हणजे २६०, सप्टेंबरअखेर ३९०, डिसेंबरअखेर सर्व. पाच महिन्यांत आणखी २०० करार, म्हणजे महिन्याला ४०, दिवसाला दोनही नाहीत. नित्याच्या कामात मुरलेला अधिकारी हा हिशेब पाहून निश्चिंत होतो आणि ठरवतो की, जो येईल त्याची सही घेऊ. जूनमध्ये आकडा २६० च्या पुढे जातो. वरिष्ठ समाधानी होतात. चूक नेमकी येथेच दडलेली असते.

बाकी असलेली ४६० नावे एकसारखी नाहीत. यादी उघडून एकेक नाव तपासले तर असे दिसते, असे मानू : ३१० धारक गावातच आहेत व अधूनमधून शाखेत येतात. ८० लॉकर संयुक्त नावांवर असून एक धारक परगावी किंवा परदेशी आहे. ४५ जणांचा पत्ता किंवा दूरध्वनी बदललेला आहे. आणि २५ लॉकरांचा एकमेव धारक हयातच नाही. तेथे नामनिर्देशित व्यक्तीचा किंवा वारसांचा दावा निकाली निघाल्याशिवाय करार कोणाशी करावा, हाच प्रश्न आहे. आता पुन्हा बेरीज करावी. सोपे असलेले सर्व ३१० आले, तरी आधीचे ६० धरून होतात ३७०. सप्टेंबरला हवेत ३९०. म्हणजे जूनचा टप्पा हसतखेळत ओलांडणारी शाखा सप्टेंबरच्या टप्प्यावर वीस करारांनी अडखळणारच आहे आणि हे फेब्रुवारीतच कळू शकत होते. जूनचा वेग हा सोप्या नावांचा वेग होता. अवघड नावांबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

नित्याच्या कामात कालच्या वेगावरून उद्याचा अंदाज बांधता येतो, कारण उद्याचे काम कालच्यासारखेच असते. प्रकल्पात तसे होत नाही. सोपे आधी संपते आणि अवघड मागे साचते. म्हणून प्रकल्पाची सुरुवात पहिल्या सहीने नव्हे, तर यादीच्या वर्गवारीने व्हावयास हवी. ज्या २५ नावांना सर्वाधिक वेळ लागणार, त्यांच्या वारसांना पत्रे सर्वांत आधी, फेब्रुवारीतच जावयास हवीत. परगावच्या सहधारकांना त्यानंतर. गावातले ३१० तर आपल्या पायांनी येणारच आहेत. त्यांच्यासाठी नोंदवहीत नावापुढे ‘करार बाकी’ अशी खूण पुरे. ते कप्पा उघडावयास आले की सही होते. येथे नित्याचे कामच प्रकल्पाचे वाहन बनते.

दुसरी गोष्ट ‘झाले’ या शब्दाची. सही झाली म्हणजे करार झाला, असे शाखेत सहज समजले जाते. परंतु योग्य मूल्याचा मुद्रांक, दोन्ही बाजूंच्या सह्या, संगणकप्रणालीतील नोंद, धारकाला दिलेली प्रत आणि फाईलमध्ये ठेवलेला मूळ कागद, ही पाचही कामे पूर्ण होतील तेव्हाच एक करार पूर्ण झाला. मुद्रांकाचा दर राज्यागणिक वेगळा असतो. त्याचे कागद वेळेवर आले नाहीत, तर सह्यांचा गठ्ठा मुद्रांकाची वाट पाहत पडून राहतो आणि कागदावरचा आकडा खऱ्या आकड्याच्या पुढे धावतो. प्रकल्पाच्या आरंभीच ‘पूर्ण’ म्हणजे काय हे लिहून ठेवले नाही, तर शेवट आला की नाही यावरच वाद होतो. प्रगती मोजतानाही किती झाले यापेक्षा किती उरले आणि ते का उरले, हे दर आठवड्याला पाहणे अधिक उपयोगी असते.

तिसरी गोष्ट माणसांची. या कामासाठी शाखेला बहुधा नवा माणूस मिळत नाही. मास्टर किल्ली ज्याच्याकडे, करारही त्याच्याचकडे. एका कराराला अर्धा तास लागतो असे धरले, तर दिवसाला दोन करार म्हणजे रोजच्या कामातून एक तास काढावा लागतो. वैशाखातील लग्नसराईत तो तास मिळत नाही. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. दिवाळीपूर्वी लॉकरखोलीत रीघ लागते. म्हणजे मुदतीच्या शेवटच्या टप्प्यातच नित्याचे काम सर्वांत जड. नित्याचे आणि नैमित्तिक यांची ओढाताण झाली की नित्याचेच जिंकते, कारण समोर उभा असलेला ग्राहक दिसतो आणि यादीतले नाव दिसत नाही. म्हणून प्रकल्पाला एक नाव दिलेला कर्ता लागतो आणि त्याच्या वेळेचे संरक्षण करणारा शाखाधिकारी लागतो.

आता याच्या उलट चूकही पाहावी. ग्राहकाची ओळख व पत्ता यांची कागदपत्रे ठरावीक काळाने अद्ययावत करावी लागतात : अधिक जोखमीच्या ग्राहकांची दर दोन वर्षांनी, मध्यम जोखमीच्या आठ वर्षांनी आणि कमी जोखमीच्या दहा वर्षांनी. प्रत्येक महिन्यात कोणाची ना कोणाची मुदत भरतेच. हे काम कधीच संपत नाही. म्हणून ते नित्याचे आहे. तरीही अनेकदा त्याची ‘मोहीम’ काढली जाते. पंधरवडाभर फलक लागतात, थकबाकी शून्यावर येते आणि मोहीम संपते. पुढच्या महिन्यापासून थकबाकी पुन्हा साचू लागते. येथे हवी असते ती दर महिन्याला मुदत भरणाऱ्यांची यादी आणि ती पाहण्याचा ठरलेला दिवस. जी मोहीम वर्षानुवर्षे पुन्हा काढावी लागते, तिच्या जागी एक रोजची सवय असावयास हवी होती, हे ओळखावे.

या दोहोंमधील रेषा प्रकल्पाच्या शेवटी एकदा ओलांडावी लागते. ३१ डिसेंबरनंतर जुन्या धारकांचे करार संपले, परंतु जानेवारीत नवा धारक आला तर त्याचा करार लॉकर देतानाच व्हावयास हवा, आणि एखादा धारक निवर्तला तर ती नोंद त्याच वेळी लॉकरच्या वहीत यावयास हवी. हे दोन नियम लॉकर-अधिकाऱ्याच्या रोजच्या कामात उतरले नाहीत, तर आणखी काही वर्षांनी तीच २५ नावे, वेगळ्या माणसांची, पुन्हा यादीच्या तळाशी सापडतील. प्रकल्प संपतो तो शेवटच्या सहीने नव्हे. त्याचे फलित नित्याच्या हाती सोपवले गेले की तो संपतो.

म्हणून कोणतेही काम हाती घेताना दोन प्रश्न विचारावेत : हे काम कधी संपणार, आणि संपले हे कशावरून कळणार? दोहोंची उत्तरे मिळाली, तर यादी करावी, कर्ता नेमावा, अवघडापासून सुरुवात करावी. उत्तरे मिळत नसतील, तर ते नित्याचे काम आहे; त्याला मांडव नको, रोजची चूल हवी.

शाळेतही हेच दिसते. हीरक महोत्सव हे कार्य आहे. त्याची तिथी ठरली आणि तो पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली, वर्गशिक्षकांनी हजेरीपट उघडला आणि पहिले नाव पुकारले.